बारा नव्हे, एकोणीस

आमच्या आडखोलात मेलेल्या माणसाची बातमीसुद्धा घरच्यांना विचारल्याशिवाय न टाकणारी एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे माझ्या खानावळीला लागून झेरॉक्सचं दुकान चालवणारी बर्नादेत. बाकी आम्ही सगळे आधी पाठवतो आणि मग विचारतो. माझी बायको विमला तर विचारतसुद्धा नाही.

दुकानात बर्नादेत फॉर्म भरून देते, लाइटबिलं भरते, पासपोर्टचे फोटो काढते आणि मधल्या वेळात ‘आडखोलची खबर’ हे फेसबुकवरचं पान चालवते. मालवणहून येणारी एसटी आज येणार की नाही, दशावताराचं नाटक कुठल्या वाडीत, चर्चचं फेस्त कधी, लाइट कधी जाणार, सगळं तिथे. पगार नाही, जाहिरात नाही. वर लोकांच्या शिव्या. डोंबिवलीपासून मडगावपर्यंत पसरलेली आमची माणसं सकाळी डोळे उघडले की आधी ते पान बघतात. मी तिला म्हणायचो, ‘गो बाय, ह्या फुकटच्या हमालीत तुका काय मिळता?’ ती म्हणायची, ‘तुज्या चायचे पैशे वाचतत मरे, लोकांच्या कामात मी चाय प्यायचीच इसारतंय.’

तर गोष्ट गावपळणीची. दर तीन वर्षांनी आमचा गाव घरादाराला कुलूप लावून वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. शेतात झावळ्यांची खोपटी बांधायची, तिथेच रांधायचं, तिथेच भजनं म्हणायची. कुणाचा देव कुठलाही असो, पळणीला सगळे निघतात, बर्नादेतच्या घरचीसुद्धा. जायचं कधी आणि परतायचं कधी, ते ग्रामदेव सांगतो. देवाच्या पाषाणाला पाकळ्या लावतात, उजवी पडली की देव हो म्हणाला. पडलेल्या पाकळीचा अर्थ सभेला सांगायचा मान दाजींचा. सत्तरी उलटलेला म्हातारा, पण आवाज खणखणीत. ह्या खेपेला कौल झाला तेव्हा मी देवळातच होतो. दाजींनी तारीख सांगितली, एकोणीस डिसेंबर. लगेच देवळाच्या फळ्यावर खडूने लिहिलीसुद्धा.

दुपारी माझ्या पुतण्याचा, प्रीतमचा, डोंबिवलीहून फोन आला.

‘काका, अकराच्या रात्रीची तिकिटां काढलंय. बाराक सकाळी पोचतंव सगळे.’

‘बाराक? बाराक येवन काय माशे मारतलंस?’

‘गावपळण बाराक ना? बर्नादेतच्या पानावर आसा!’

मी हातातली पळी टाकून शेजारी गेलो. तिचं पान उघडून बघितलं. झकास कार्ड, देवळाचा फोटो, सोनेरी अक्षरं, आणि मधोमध ‘१२ डिसेंबर’. मी तिला म्हटलं, ‘बर्नादेत, दाजींनी एकोणीस सांगितली. मी माज्या कानान आयकलंय.’

तिने कार्ड बघितलं, आणि तिचा चेहरा एकदम उतरला. ‘माका पण देवळातसून फोनवर एकोणीसच सांगितल्यानी,’ ती म्हणाली. ‘ह्या कार्ड मागच्या पळणीचा. मथळो बदललंय, फोटो बदललंय, आणि तारीख तशीच रवली.’

झालं होतं ते एवढंच. पण तोपर्यंत ते कार्ड वाडीवाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरत होतं.

मी व्यवहारी माणूस. म्हटलं, ‘पुसून टाक, नवीन टाक. कोणाक कळाचा नाय.’

ती काही बोलायच्या आत माझ्या खानावळीतून आरडाओरडा ऐकू आला. कौस्तुभ, आमच्याकडचा सगळ्यात मोठा आवाज आणि सगळ्यात लहान डोकं, मोबाइल नाचवत उभा होता. ‘मोबाइलवर बारा आणि देवळाच्या फळ्यावर एकोणीस! कौल कोणी फिरवलो? दाजींच्या नातीचो, सारिकाचो, साखरपुडो तेराक कुडाळात आसा. म्हणान तारीख फुडे ढकलल्यानी!’

अरे देवा! असं काही बोलायला माणसाची जीभ कशी रेटते? पण बाकीच्या टेबलांवर माना हलायला लागल्या होत्या. साखरपुडा तेराला होता हे खरंच होतं. आणि आमच्याकडे तारीख चुकली तर लोक हसून सोडून देतात, पण देवाचा शब्द माणसाने फिरवला म्हटलं की गाव दुभंगतो. बघता बघता अर्धी खानावळ उठून देवळाकडे निघाली, माझ्या चहाचे पैसे न देता.

मी परत बर्नादेतकडे वळलो आणि हळूच म्हटलं, ‘आता तर तुज्याकडे कोण बगणतच नाय. सगळे दाजींच्या मागे लागले. तू गप रव.’

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे झालो.

‘गुरुदास, माज्या चुकीसाठी त्या म्हाताऱ्याक चोर ठरवतत. आणि मी गप रवू?’

‘मगे निदान जुना कार्ड तरी पूस.’

‘पुसलंय तर जेंच्या फोनात ता गेला, तेंका कोण सांगतला? ते पानावर बगूक येतले, तर जुना दिसाचाच नाय. मगे लोक म्हणतले, बारा खरी होती, लपवल्यानी.’

आणि ती कामाला लागली. मी दारात उभा राहून बघत होतो. पोस्ट पुसली नाही, तीच उघडून वरच्या ओळीत लिहिलं. मला ते अजून पाठ आहे:

‘दुरुस्ती. ह्या कार्डावर गावपळणीची तारीख १२ डिसेंबर अशी छापली गेली, ती चूक आहे. बरोबर तारीख १९ डिसेंबर. देवळात पहिल्यापासून १९ हीच सांगितली गेली, कौल बदललेला नाही. मागच्या पळणीचं कार्ड वापरताना तारीख बदलायची माझ्याकडून राहिली. ज्यांनी ह्यावरून तिकिटं काढली त्यांची मी माफी मागते. कार्ड पुढे पाठवलं असेल तर ही दुरुस्तीही तिथेच पाठवा. बर्नादेत.’

खाली दुरुस्तीची तारीख आणि वेळ. जुन्या कार्डावर लाल फुली मारून ‘चुकीची तारीख’ असं लिहिलं आणि त्याच्या शेजारी नवं कार्ड लावलं. ती पोस्ट पानाच्या सगळ्यात वर अडकवून ठेवली. व्हॉट्सॲपवर तिने स्वतः टाकलेला संदेश आता बदलता येत नव्हता, म्हणून त्यालाच उत्तर देऊन दुरुस्ती लिहिली, म्हणजे जुनं आणि नवं एकत्र दिसावं. ज्यांनी पोस्ट पुढे पाठवलेली दिसत होती त्यांना वेगळे निरोप टाकले. मी म्हटलं, ‘‘काही तांत्रिक कारणामुळे’ असा लिव गो, सगळेच लिवतत.’ ती म्हणाली, ‘तांत्रिक कारणाचा नाव बर्नादेत आसा.’

मग शटर अर्धं ओढून ती देवळाकडे निघाली. मीही गेलो. चहाचे पैसेही तिकडेच होते.

सभामंडपात गर्दी झाली होती. दाजी खांबाला टेकून उभे होते. ‘माज्या तोंडाचो इश्वास नसात, तर आजपासून मी कौल सांगाचंय नाय,’ ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं. हयात गेली त्या माणसाची त्या देवळात.

बर्नादेत मंडपाच्या पायरीशी थांबली आणि तिथूनच मोठ्याने म्हणाली, ‘आयका! बारा तारीख माजी चूक. दाजींनी एकोणीसच सांगितलेली. मी जुना कार्ड वापरलंय आणि तारीख बदलूक इसारलंय.’

गर्दी तिच्याकडे वळली. पण कौस्तुभ गप्प बसेल तर तो कौस्तुभ कसला? ‘दाजींक वाचवूक बोलतंस तू,’ तो म्हणाला. ‘काय तो पुरावो दाखय.’

बर्नादेतने मोबाइल त्याच्या हातात दिला. ‘पानार खाली जा. तीन वर्सां मागे.’

कौस्तुभ बोटाने सरकवत राहिला. एसट्या, फेस्तं, नाटकं, गॅसच्या गाड्या, सगळं एकामागून एक वर जात होतं. आणि मग सापडलं. मागच्या पळणीचं कार्ड, तीच सोनेरी अक्षरं, मधोमध तीच १२ डिसेंबर. मागच्या खेपेला पळण बाराला होती, हे तिथल्या प्रत्येकाला आठवलं. त्याच पोस्टखाली कौस्तुभनेच तेव्हा लिहिलं होतं, ‘बाराक भेटू.’

त्याने मोबाइल परत दिला आणि दाजींच्या पायाला हात लावला. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून लावला.

नंतर बर्नादेतने सोसायचं ते सोसलं. ‘खिस्तांवाक आमच्या कौलातला काय कळता’ इथपासून ‘तिकिटाचे कापलेले पैशे तू भर’ इथपर्यंत लोकांनी पोस्टखाली लिहिलं. तिने एकही ओळ पुसली नाही. प्रत्येकाला उत्तर दिलं, ‘चूक माझी, तारीख १९.’ प्रीतमने तिला फोनवर बरंच सुनावलं. तिने ऐकून घेतलं आणि त्याला एकोणीसच्या आधीच्या गाडीची तिकिटं स्वतः शोधून दिली. मी असतो तर दुसऱ्या दिवशी ते पान बंद करून टाकलं असतं. ती मात्र दुसऱ्या दिवशी एसटीची वेळ टाकत होती.

एकोणीसला गाव निघाला. प्रीतम त्याच्या पोरांसकट हजर होता. वेशीबाहेर बर्नादेतचं खोपटं आमच्या खोपट्याच्या पलीकडेच होतं. परतीचा कौल घ्यायचा तो दिवस उजाडला. दाजी मानकऱ्यांसोबत पहाटेच देवाकडे गेले होते. सगळे त्यांची वाट बघत बसलेले, पोरं तर बांधावर चढून. कौल झाला की दाजी आधी मानाच्या खोपट्याशी जातात, ही आमची रीत.

त्या दिवशी म्हातारा सरळ चालत बर्नादेतच्या खोपट्याशी आला. ती चुलीवर भाकरी भाजत होती. घाईघाईने उठली, पिठाचे हात फ्रॉकला पुसले.

‘बाय, मोबाइल काढ,’ दाजी म्हणाले. ‘कौल झालो. मी सांगतंय ता लिव.’

सगळ्या खोपट्यांतून माना बाहेर आल्या. विमला मला कोपराने ढोसत होती, मी हललो नाही. बर्नादेतने लिहिलं.

‘दाजी, आधी वाचून दाखयतंय,’ ती म्हणाली. ‘मागच्यासारखी चूक नको.’

‘दाखय,’ दाजी म्हणाले आणि तिच्या खोपट्यासमोरच्या दगडावर बसले. ‘पण चुकली तरी चलात. चूक झाली तर तू आपणहून सांगतलंस, ह्या माका ठावक आसा.’

तिने मोठ्याने वाचून दाखवलं. दाजींनी मान हलवली. मग तिने बोट दाबलं, आणि आम्ही खोपटी मोडायला घेतली.