तिसऱ्या बटणाची साक्ष

४ जून रोजी पोलीस ठाण्याने तीनशे पंच्याऐंशी रुपयांची खरेदी केली : सुती कापड, सुईदोरा आणि लाखेच्या दोन कांड्या. सील मारायचा पितळी शिक्का हरवला होता, पण नवा मागवायला साहेब विसरले. जप्त पिस्तूल आणि गुन्ह्याच्या जागी सापडलेली गोळीची रिकामी पुंगळी मात्र त्याच दिवशी प्रयोगशाळेसाठी बांधायची होती. मुद्देमाल सांभाळणाऱ्या हवालदारांनी, म्हणजे सगळ्यांच्या काकांनी, डोकं चालवलं. गणवेशाचं तिसरं बटण गरम लाखेवर दाबलं. तारा, भोवती पानं, झकास ठसा! प्रयोगशाळेला सील ताडून पाहता यावं म्हणून सोबत जाणाऱ्या नमुन्याच्या कागदावरही तोच उमटवला.

पार्सल एकोणीस दिवस कपाटात पडून राहिलं आणि अहवाल अकरा महिन्यांनी आला. तोवर काकांची निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती.

"कोर्टात सील टिकलं नाही, तर पेन्शनआधी चौकशी," साहेबांनी बजावलं.

कोर्टात आधी प्रयोगशाळेच्या तज्ज्ञबाईंची साक्ष झाली. त्याच पिस्तुलातून त्यांनी चाचणीच्या गोळ्या झाडल्या होत्या आणि त्या पुंगळ्यांच्या व जप्त पुंगळीच्या बुडावरच्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिल्या होत्या. खुणा जुळत होत्या.

"फोटो काढलेत?" बचावाच्या वकीलबाईंनी विचारलं.

"नाही."

"पुंगळी वाटेत बदलली नाही, हे कशावरून?"

"सील शाबूत होतं. नमुन्याशी जुळलं."

मग काका पिंजऱ्यात उभे राहिले.

"हवालदारसाहेब, एकोणीस दिवस पार्सल का ठेवलंत?"

"न्यायला माणूस नव्हता, बाई."

"बरं. सीलचा शिक्का कुठाय?"

काकांचा हात आपोआप छातीवर गेला.

"छातीत दुखतंय का?" न्यायाधीशांनी काळजीने विचारलं.

"नाही साहेब. शिक्का झाकतोय."

खसखस पिकली. हात काढावाच लागला. वकीलबाईंनी भिंग लावून आधी सील पाहिलं, मग काकांचं तिसरं बटण, आणि शेवटी दाराशी उभ्या असलेल्या पाच शिपायांकडे बोट दाखवलं. "हे पाचही शिक्के घेऊनच फिरतात, साहेब! सील फोडून पुन्हा मारलं, तर कळणार कुणाला?"

पाचही जणांनी पटकन छातीवर हात ठेवले.

न्यायाधीशांनी बटण पुरावा म्हणून जमा करायला सांगितलं. लिपिकाने कात्रीने ते कापलं, तसा काकांचा सदरा मधेच फाकला. पुढच्या सगळ्या उलटतपासणीला त्यांनी पोट आत ओढून तोंड दिलं. उत्तरं त्यामुळे फार आखूड झाली.

निकालात सीलवर विश्वास उरला नाही आणि अहवाल बाजूला पडला. आरोपी सुटला. काकांची चौकशी झाली, साहेबांनी शिक्का मागवलाच नव्हता हे त्यात निघालं आणि काका लेखी ताकिदीवर सुटले. पेन्शन वाचली.

"छप्पन मुद्देमाल सांभाळलेत, आणि स्वतःचं बटण नाही?" बायको म्हणाली.

निरोप समारंभासाठी काकांनी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून नवं बटण लावून घेतलं. त्याचे बारा रुपये अजून द्यायचे आहेत.