लिफ्टच्या यादीतली रिकामी ओळ

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीचा मी खजिनदार. खर्चाच्या तपशिलात ‘लिफ्ट’, ‘वायररोप’ असा मी केलेल्या शब्दांच्या यादीतला एक जरी शब्द आला, तर पुढे ‘लिफ्ट’ असा शिक्का पडावा म्हणून मी एक्सेलमध्ये फॉर्म्युला लावलेला. SEARCH एकेक शब्द शोधणार, सापडला की ISNUMBER हो म्हणणार, SUMPRODUCT ते होकार मोजणार.

लिफ्टच्या खर्चाची बेरीज पाहून माझं डोकंच फिरलं. लिफ्टवाल्याला बोलावून अख्ख्या कमिटीसमोर म्हणालो, “लुटताय तुम्ही आम्हाला.” तो मान खाली घालून उभा राहिला.

सेक्रेटरी बाईंनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला. “अहो, वॉचमनच्या पगारालापण लिफ्टचा शिक्का?”

मी शब्दांची यादी उघडली. पुढेमागे शब्द वाढवायला यादीत मी एक ओळ रिकामी ठेवलेली, आणि तीही फॉर्म्युल्यात घेतलेली. SEARCH ला रिकामी जागा कुठल्याही मजकुरात पहिल्याच अक्षरावर सापडते, म्हणून सगळ्याच खर्चांवर शिक्का पडलेला. ती ओळ वगळली तशी बेरीज धाडकन खाली आली.

“साहेब, मशीनरूमची चावी द्या,” लिफ्टवाला म्हणाला, “सर्व्हिसिंग बाकी आहे.”

चावी दिली. माफी मागायला तोंड उघडेपर्यंत लिफ्टचं दार बंद झालेलं.