निजलेलं लेकरू उठवणारी बाई

लेकरू निजवण्यात छबुबाईचा हात धरणारं आमच्या गावात कुणी नाही. तिचं हे कौतुक तिच्याच तोंडून ऐकत मी लहानाची मोठी झाले. गावात निम्म्या पोरांना न्हाऊ घालणारी तीच. तेल चोळायचं, ऊन पाण्यानं न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची, झोळीत टाकायचं आणि दोन झोक्यांत गार करायचं. तिसरा झोका लागला तर तिला कमीपणा वाटायचा.

ही विद्या ती उसाच्या फडावर शिकली. आमच्याकडची, म्हणजे शिरूर कासारची, माणसं दिवाळीनंतर कोयते घेऊन बाहेर पडतात, तशी तीही वर्षानुवर्षं जायची. टोळीतल्या बाया ऊस तोडायला गेल्या की त्यांची तान्ही लेकरं हिच्या हवाली. लेकरू जागं झालं की आईचं काम थांबायचं, म्हणून तिचा एकच कायदा: "निजलेलं लेकरू उठवू न्हाई." या कायद्यापायी तिनं पाहुण्यांना अंगणातून परत लावलंय. कुकरच्या शिट्टीवरून माझ्या आईशी, म्हणजे साखराबाईशी, तिचं दोन दिवस बोलणं बंद होतं.

मी बाळंतपणाला माहेरी आले ती माझा शंभू साडेतीन महिन्यांचा झाला तरी इथंच. त्याच्या लसीचा तिसरा डोस इथंच घेऊन सासरी जायचं ठरलं होतं. अंगणवाडीत पंचशीला सिस्टरनं दोन्ही मांड्यांत सुया दिल्या, दंडावर एक दिली, तोंडात थेंब सोडले. शंभूनं असा सूर लावला की बाहेर झाडाखाली बसलेली माणसं उठून दारात आली. सिस्टरनं आम्हाला अर्धा तास तिथंच बसवून घेतलं आणि समजावून सांगितलं. थोडा ताप येईल, सुईच्या जागी गाठ येईल, एखाद-दोन दिवस किरकिर करील, झोप मोडेल, घाबरायचं नाही. अंगावर पाजत राहायचं. तापाचं औषध वजनाप्रमाणं सांगितलं तेवढंच द्यायचं. गाठ चोळायची नाही, शेकायची नाही.

"आन् दवाखान्यात कवा आणायचं?" मी विचारलं.

"ताप लई चढला, न्हाईतर दोन दिवसांत उतरला न्हाई. काही केल्या रडायचं थांबंना, तासन् तास एकसारखं किंचाळतंय. झटका आला, श्वास लागला, अंगावर पित्त उठलं, तोंड सुजलं. पीतच न्हाई, न्हाईतर उठवूनबी उठंना. यातलं एक जरी दिसलं तर वाट बघायची न्हाई. आन् शंका आली तर मला फोन करायचा, मी चिडत न्हाई."

छबुबाई सोबत होती. चोळायचं नाही, शेकायचं नाही, हे ऐकून तिनं तोंड असं केलं की जणू सिस्टरनं तिची पेन्शन बंद केली.

"माझा हात काय विषारी हाय का?" घरी येताना वाटभर एवढंच.

संध्याकाळपासून शंभूचं अंग कोमट लागायला लागलं. तो किरकिरायचा, मी पाजलं की जरा डोळा लागायचा, पाय हलला की ओरडून उठायचा. छबुबाईनं पदर खोचला. झोळीला दोन झोके दिले, तीन दिले, दहा दिले. पुढचे मी मोजले नाहीत, तिची इज्जत राखायला. मग तिनं मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. ठसका आम्हाला सगळ्यांना लागला, शंभूला काही फरक पडला नाही.

"दृष्ट न्हाई लागली, सुई लागली," माझे वडील बबनराव म्हणाले. "सिस्टर म्हणलीच हुती."

"तुमी गप बसा. माझ्या हातात लेकरू निजंना, आन् तुमाला गंमत सुचती!"

तिचे डोळे भरून आले होते. मला हसू येत होतं आणि तिची दयाही येत होती. आयुष्यभराचं नाव एका सुईनं घालवलं, असं ती धरून बसली. जाताना तिनं शेकायला गरम फडकं मात्र मागितलं नाही. सिस्टरचा तेवढा मान तिनं राखला.

रात्र अशीच धरत-सोडत गेली आणि उजाडता उजाडता शंभू निजला. शांत, अंगाचं मुटकुळं करून. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आईनं कुकर लावायचा रद्द केला. वडील चपला हातात घेऊन अंगणात गेले. मीही झोळीशेजारी पडले ती मेल्यासारखी झोपले.

ऊन ओट्यावर आलं तेव्हा न्हाऊ घालायला छबुबाई आली. "आज अंघोळ न्हाई, ताप हाय," आई कुजबुजली आणि मोठ्या अभिमानानं म्हणाली, "बघा, तुमी न्हाई निजवलं, आपलं आपण निजलंय. पाटंपासून हाललं न्हाई."

मला वाटलं, आता ही टोमणा मारील. ती सरळ झोळीपाशी गेली, वाकून बघितलं.

"पाटंपासून पिलं का?"

मी डोळे चोळत म्हणाले, "न्हाई. निजलंय ना ते."

"दुपटं वलं केलं का?"

आईनं हात लावला. दुपटं कोरडं होतं.

छबुबाईनं हात पुढं केला आणि शंभूच्या तळपायाला बोट लावलं. आई तर चित्कारलीच: "अहो, उठवता कशाला? तुमचाच कायदा!"

"कायदा गेला खड्ड्यात. एकदा फडावर एक लेकरू असंच निजलं हुतं. अंगात ताप हुता. आमी समदे म्हणलो, बरं झालं, निजलं." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "ते उठलंच न्हाई."

माझी झोप पार उडाली. तिनं पुन्हा तळपाय खाजवला. शंभूनं नुसता पाय आखडला. डोळा उघडला नाही. "शंभू, ए शंभू," मी हाक मारली, माझाच आवाज मला ओळखू येईना. वडिलांनी शेजारच्या बंकटला गाडी काढायला हाक दिली. आईनं सिस्टरला फोन लावून माझ्या कानाशी धरला.

"कपडे सैल करा, वल्या फडक्यानं तोंड पुसा, उठवून अंगावर घ्या. उठून नीट पिला तर मी येऊन बघते. डोळं उघडना, अंग ढिलं पडलं, पिईना, तर माझी वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा. गाडी काढूनच ठिवा."

छबुबाईनं टोपडं, झबलं सगळं उतरवलं. ओलं फडकं कपाळावरून, गालावरून फिरवलं. शंभूनं नाक मुरडलं. मग एक डोळा उघडला, दुसरा उघडला, समोर छबुबाईचं तोंड दिसलं आणि त्यानं जो भोंगा पसरला, तो ऐकून बंकट गाडीची चावी हातात घेऊन आत आला.

मी त्याला छातीशी धरलं. अधाशासारखा प्यायला. पीत असतानाच त्यानं माझी साडी भिजवली, आणि ओल्या साडीचा असा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. मी रडत होते, आई रडत होती, वडील बाहेर उगाच बंकटला गाडी पुढंमागं घ्यायला लावत होते.

थोड्या वेळानं सिस्टर आली. काखेत थर्मामीटर धरून ताप बघितला, थोडाच होता. श्वास बघितला, मांडीची गाठ बघितली. "रात्रभराची झोप काढत हुता पठ्ठ्या. दर दोन-तीन तासांनी उठवून पाजा. पुन्हा असा सुस्त वाटला तर आणा." मग छबुबाईकडं वळून म्हणाली, "उठवलंत ते लई बरं केलं, मावशी."

"मला काय हौस हुती का," छबुबाई म्हणाली. पण पदर सावरताना ती हसत होती.

तिसऱ्या दिवशी शंभूचा ताप उतरला आणि झोळीत पहिल्यासारखाच दोन झोक्यांत तो गार झाला. आईनं हळूच कुकर उचलून ठेवला. छबुबाई झोळीची दोरी धरून बसली होती. तो निजला तरी ती उठली नाही. मी विचारलं, "आता काय बघतीस, मावशी?"

"काय न्हाई," ती म्हणाली आणि पुन्हा एकदा त्याच्या तळपायाला बोट लावलं. शंभूनं झोपेतच तिला लाथ मारली. तेव्हा कुठं ती घरी गेली.