सातवी ओळ

माझा आवाज मोठा आहे. लालबागच्या चाळीत वाढलो, तिथे हळू बोलणाऱ्याला पाणी मिळायचं नाही. चाळ पाडून टॉवर उभा राहिला, पाणी चोवीस तास आलं, आवाज मात्र तसाच राहिला. बहुतेक त्या आवाजामुळेच सोसायटीने मला सेक्रेटरी केलं असावं.

गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं तेव्हा मी इतका खूश होतो की लिफ्टमध्ये भेटेल त्याला धरून सांगत होतो. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, सगळं उन्हावर चालणार. कंपनीकडून एक मुलगी आली, पंचविशीची, इंजिनिअर. टेप घेऊन दोन तास गच्चीवर फिरली, चहाला नाही म्हणाली आणि आठवड्याने नकाशा पाठवला. नकाशात पॅनलच्या सहा ओळी, सगळ्या दक्षिणेला तोंड करून. प्रत्येक दोन ओळींत अडीच फूट मोकळे. मधोमध सगळ्या ओळींना आडवी कापणारी तीन फुटांची वाट. दक्षिणेच्या कठड्याजवळ तर पाच फूट नुसते सोडलेले.

माझं डोकंच फिरलं. मुंबईत पाच फुटांत माणूस संसार करतो आणि ही बाई हवा सोडतेय! मी तिला फोन लावला. "मॅडम, सातवी ओळ बसते. मधलं अंतर फूटभर करा, कठड्याकडे सरका, झालं."

"काका, पुढच्या ओळीची सावली मागच्या ओळीवर पडेल," ती म्हणाली. "आणि पॅनल धुवायला माणूस जाणार कुठून?"

"पाइपने धुवू लांबून."

"धूळ पाइपने जात नाही, पुसावी लागते. आणि सावलीचं तर बघाच. पॅनलच्या खालच्या कडेवर चार बोटं सावली आली तरी खालचा अर्धा भाग काम सोडतो. आतली जोडणीच तशी असते."

मला ते पटलं नाही. चार बोटांनी अर्धं पॅनल कसं झोपेल? पण मुलीशी फोनवर भांडण्यापेक्षा समोर दाखवून द्यावं म्हटलं.

इथे माझे वडील सांगायला हवेत, कारण गच्ची खरं तर त्यांची होती. कागदावर सोसायटीची, वापरात त्यांची. बाबा गिरणीच्या रंगखात्यात होते. गिरणी गेली, गुडघे उरले. दोन वर्षांपूर्वी एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला, नाहीतर हा पाय परत आखडेल. खाली रस्त्यावर चालणं म्हणजे टेम्पो, बाइक आणि फुटपाथवर मांडलेली दुकानं. म्हणून रोज सकाळी चहा झाला की साडेनऊला लिफ्टने वर. तासभर फेऱ्या, मग प्लास्टिकच्या खुर्चीत ऊन. सहा ओळींच्या नकाशात त्यांना वाट उरत होती. सात ओळींत उरत नव्हती. हे मला दिसत होतं, पण मी सेक्रेटरी होतो ना. स्वतःच्या बापाच्या फेऱ्यांसाठी सगळ्या बिल्डिंगची वीज कमी केली, असं कोणी म्हटलेलं मला चाललं नसतं. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "करा ना. चांगलं काम आहे." मी सुटलो.

मे महिना होता. तिसऱ्या मजल्यावरचा माझा लहानपणापासूनचा दोस्त सुतार आहे, गणपतीच्या मंडळाचा मंडप आणि देखावा तोच उभा करतो. मे महिन्यात त्याच्याकडे काम नसतं आणि प्लायवूड भरपूर असतं. मी म्हटलं, "अरे, दोन पॅनल बनव. खोटी. मापात." त्याने एका दिवसात बनवली, तीच लांबी, तोच तिरका उतार, पुढची कड फूटभर उंच आणि मागची तीन फूट. लालबागमध्ये आम्ही सगळं असंच ठरवतो. आधी उभं करून बघायचं, मग बोलायचं. दोन्ही एकामागे एक ठेवली, मध्ये एक फूट. दुपारी साडेबाराला कमिटी जमली, इंजिनिअर मुलगीही आली.

सूर्य बरोब्बर डोक्यावर. सावली जवळजवळ प्लायच्या पोटाखालीच. मागच्या पॅनलला तिचा स्पर्शसुद्धा नाही.

"बघा," मी म्हटलं. "कुठे आहे सावली? शोधून दाखवा."

माणसं हसली. सुताराने टाळी दिली. ती मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, हा मे आहे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो आणि खाली राहतो. तेव्हा बघायला हवं."

"डिसेंबरचं डिसेंबरात बघू," मी म्हटलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं म्हणून मला फार हुशारीचं वाटलं. सातव्या ओळीवर हात वर झाले. तिने वहीत काहीतरी लिहिलं. रविवारी परत येऊन नवीन मापं घेते, म्हणाली.

त्या संध्याकाळी मी घरी विजयी वीर. आईने ताट वाढलं आणि जवळ बसली. आईची भाषा अजून मालवणीच आहे, इतकी वर्षं मुंबईत राहून तिने ती जरासुद्धा झिजू दिली नाही.

"तुझे बाबा चार दिस घरातच फेऱ्यो मारतत," ती म्हणाली. "तू कामावर गेल्यावर. ह्या दारापासून त्या गॅलरीपर्यंत. अकरा पावलां जातत, अकरा येतत."

"का? गच्ची बंद झाली नाही अजून."

"सवय करतत म्हणान."

मी बाबांकडे बघितलं. ते टीव्हीवर बातम्या बघत होते, पाय स्टुलावर, ऑपरेशनवाल्या गुडघ्यावर हात. बोलायचं ते सगळं मी दुपारी गच्चीवर बोलून बसलो होतो. आणि सोसायटीचं काम सोसायटीचं, घरचं घरी, असं मी स्वतःला दोन-तीनदा बजावलं. रात्रभर मात्र डोक्यात अकरा पावलं.

रविवारी ती मुलगी आली. मी आणि सुतार टेप धरायला. माझ्या सातव्या ओळीची सुरुवात दक्षिणेच्या कठड्यापासून फूटभरावर होती. ती तिथे वाकली आणि थांबली.

"ह्या खुणा कोणाच्या?"

लादीवर निळ्या ऑइलपेंटच्या बोटभर रेघा होत्या. मी त्या हजार वेळा बघितल्या असतील. "असतील कुठल्यातरी रंगाऱ्याच्या," मी म्हटलं.

"रंगाऱ्याच्या नाहीत. बाजूला महिने लिहिलेत."

खरंच होते. बारीक, सुबक अक्षरात. ऑक्टो., नोव्हें., डिसें. डिसेंबरची रेघ कठड्यापासून सगळ्यात लांब. जानेवारीला परत जरा जवळ, फेब्रुवारीला आणखी जवळ. ते अक्षर मी ओळखत होतो. माझ्या शाळेच्या सगळ्या वह्यांवर माझं नाव त्याच अक्षरात होतं.

बाबांना खालून बोलावलं. ते लिफ्टने आले, काठी टेकत, काही चुकलं की काय अशा चेहऱ्याने. "पुसून टाकतो," ते आल्या-आल्या म्हणाले. "थिनरने निघेल."

"पुसू नका, आजोबा," ती म्हणाली. "हे काय आहे ते सांगा."

बाबा जरा लाजले. "थंडीत गुडघ्याला ऊन घ्यायचं असतं. एकदा बसलो की उठून खुर्ची सरकवणं जड जातं. म्हणून वर येताच खुर्ची मांडून ठेवतो, आणि साडेनऊला ह्या कठड्याची सावली कुठवर येते, त्याची खूण करून ठेवली. रेघेच्या पलीकडे खुर्ची ठेवली की ऊन नक्की."

"आणि मे महिन्याची खूण?"

"मे महिन्यात खूण कशाला? सावलीच पडत नाही इकडे."

सुतार खो-खो हसला. माझ्याकडे बघून हसला, तोच ज्याने टाळी दिली होती. माझे कान तापले.

तिने कठडा मोजला, चार फूट. डिसेंबरची रेघ मोजली, चार फूट दहा इंच. "म्हणजे उंचीच्या सव्वापट, थोडी कमी," ती म्हणाली. "आता पॅनल. मागची कड पुढच्या कडेपेक्षा किती उंच?"

"दोन फूट," सुतार म्हणाला. प्लाय त्यानेच कापलं होतं.

"दोन फुटांची सव्वापट?"

अडीच फूट. तिच्या नकाशात पहिल्या दिवसापासून होतं तेवढंच. आणि माझी सातवी ओळ कठड्यालगत जिथे सुरू होणार होती, तिथे सगळा हिवाळा सकाळी सावली. त्या ओळीने थंडीच्या चार महिन्यांत सकाळच्या वेळी वीज कमी आणि शोभाच जास्त दिली असती. आणि मागच्या सहा ओळी एकमेकींच्या सावलीत अर्ध्या झोपल्या असत्या.

"मॅडम, तुम्हाला हे आधीच माहीत होतं," मी म्हटलं.

"होतं," ती म्हणाली. "पण तुम्हाला माझा कागद पटत नव्हता."

मी रागावणारा माणूस आहे, पण स्वतःवर रागवायची वेळ फारशी येत नाही. त्या दिवशी आली, आणि कसं कोण जाणे, पाचच मिनिटांत तो राग जाऊन मला इतकं हलकं वाटलं की मी सुताराला म्हटलं, "चल, चहा माझ्याकडून." कमिटीपुढे मी स्वतःच उभा राहिलो आणि नेहमीच्याच आवाजात सांगितलं, मी चुकलो, सहाच ओळी. काही जण मला अजून 'डिसेंबरचं डिसेंबरात' म्हणून चिडवतात. चिडवू देत.

पावसाळ्यानंतर पॅनल बसली. डिसेंबरात एका सुट्टीच्या दिवशी मी साडेनऊला वर गेलो. खरं सांगायचं तर सावली बघायलाच गेलो. प्रत्येक ओळीच्या मागे लादीवर सावली पसरली होती आणि मागच्या ओळीच्या पुढच्या कडेला न शिवता, बोटभर खालून तिच्या पोटाखाली शिरली होती. मी वाकून वाकून सहाही ओळी बघितल्या. कुठेही चढली नव्हती.

तिसऱ्या आणि चौथ्या ओळीमधल्या वाटेत बाबा चालत होते. काठी त्यांनी जिन्याच्या दाराशी ठेवली होती. पॅनलच्या मागच्या कडेचा पाइप कमरेच्या उंचीवर येतो, त्यावर एक हात सरकवत ते टोकाला गेले, वळले, पुढच्या गल्लीत शिरले. मला बघून थांबले.

"एक विचारू?" ते म्हणाले. "ती सातवी ओळ तू माझ्यासाठी काढली नाहीस ना?"

"नाही, बाबा. सावलीसाठी काढली."

"नक्की?"

"तुमच्याच रेघेने सिद्ध झालं ना."

"मग बरं," ते म्हणाले, आणि पाइपवरचा हात सोडून पुढे चालायला लागले.