मेक्सिकोचं गिऱ्हाईक

जगन्नाथ बिवलकर फ्रीमाँटच्या सेवा क्लबात गेला तो सेवेसाठी नव्हे. डोळे तपासून चष्मे देणाऱ्या त्याच्या दुकानावर डॉक्टर जे. बिवलकर अशी टपोऱ्या अक्षरांतली पाटी होती, आणि पाटीखाली गिऱ्हाईक नव्हतं. पाच वर्षं गावोगावी शाखा असलेल्या एका मोठ्या साखळी दुकानात दुसऱ्याच्या पाटीखाली राबून त्याने ही स्वतःची पाटी लावली होती. जूनमध्ये जागेचा करार संपणार आणि तोवर धंदा चालला नाही तर पुन्हा ती साखळी गळ्यात पडणार, हे त्याची बायको सुलभा चहाबरोबर रोज ऐकवायची.

त्याला क्लबात नेलं चंद्रशेखरकाकांनी. काका नगरपालिकेत इंजिनिअर, क्लबाचे जुने मेंबर. नेतानाच त्यांनी बजावलं, "हे बघ, इथे बँकवाला आहे, वकील आहे, डोळ्यांचे सर्जन पॅटर्सन आहेत. पण पहिलं वर्षभर फक्त खुर्च्या मांडायच्या. धंद्याचं नाव काढायचं नाही."

"काका, नाव न काढता लोकांना कळणार कसं?"

"लग्नात पंगतीला वाढणारा पोरगा कोणाचा, ते आपोआप कळतंच ना?"

जगन्नाथला हे पटलं, म्हणजे अर्धंच पटलं. क्लबाच्या मंगळवारच्या जेवणाला तो नियमाने जाऊ लागला. खुर्च्या मांडल्या, क्लबाच्या निधीसाठी भरणाऱ्या पॅनकेक ब्रेकफास्टला सकाळी उठून अंडी फोडली. मात्र हात मिळवताना समोरच्याच्या चेहऱ्याआधी त्याची नजर चष्म्याच्या काड्यांकडे जायची. वकिलाच्या नाकावरची फ्रेम वाकडी दिसली की त्याचा जीव कासावीस व्हायचा.

हिवाळ्यात क्लबाने जुने चष्मे गोळा केले. ते धुवायचे, यंत्राखाली धरून भिंगाचा नंबर मोजायचा, पाकिटावर लिहायचा आणि मेक्सिकोतल्या एका खेड्यातल्या शिबिराला पाठवायचे. यंत्र होतं जगन्नाथकडे. "मी करतो!" तो इतक्या जोरात ओरडला, की समोरच्या मेंबराच्या हातातला पाव खाली पडला.

चष्म्यांची खोकी दुकानात आली. जगन्नाथने रबरी शिक्का करून आणला आणि प्रत्येक पाकिटावर उमटवला: दुकानाचं नाव, पत्ता, फोन, 'पार्किंगची उत्तम सोय'.

काका मदतीला आले, पाकीट उचललं, आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"जगन्नाथ, हा पत्ता कोणासाठी रे?"

"जाहिरात, काका."

"त्या खेड्यातली म्हातारी बसने फ्रीमाँटला यायची?"

"तसं नाही हो…"

"आणि पार्किंग? गाढवाला?"

काका इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. जगन्नाथही हसला, पण कान तापले होते. काका गेल्यावर तो नवी कोरी पाकिटं घेऊन बसला आणि सगळे नंबर पुन्हा लिहू लागला. लिहायचंच आहे तर भिंगंही पुन्हा तपासावीत, म्हणून पुन्हा तपासली. ओरखडे पडलेली बाजूला काढली, सैल स्क्रू आवळले.

एप्रिल उजाडला तरी गिऱ्हाईक तेवढंच. जगन्नाथने घरमालकाला जागा सोडतो म्हणून सांगितलं आणि जुन्या नोकरीसाठी साखळीवाल्यांना फोन केला.

"मग आता ती खोकी परत करा की," सुलभा म्हणाली. "दुकानच राहणार नाही, तर कोणासाठी एवढं?"

"यंत्र आहे तोवर मोजून टाकतो. नाहीतर कोणाच्या तरी डोळ्यावर भलताच नंबर जायचा."

"वा! स्वतःचं दुकान बुडतंय आणि हे मेक्सिकोला चष्मे लावताहेत."

पण मग तीच पदर खोचून काड्या धुवायला बसली.

खोकी रवाना होण्याआधी डॉक्टर पॅटर्सननी, त्यांच्या सवयीप्रमाणे, मधलीच काही पाकिटं उचलून आपल्या यंत्रावर पडताळली. एकातही चूक सापडेना, तेव्हा हट्टाला पेटून आणखी उचलली. पुढच्या मंगळवारी ते जगन्नाथशेजारी येऊन बसले.

"मोतीबिंदू काढल्यावर माझ्या पेशंटना चष्मा लागतो. मी पाठवले तर बघाल?"

वर्षभर ज्या वाक्याची वाट पाहिली ते कानावर पडलं, आणि जगन्नाथ खिन्नपणे म्हणाला, "दुकान सोडलं मी, डॉक्टर. एकाला जागा दिलीही मालकाने."

पॅटर्सननी कॉफी ढवळली. "माझ्या इमारतीत मागच्या बाजूला दोन खोल्या रिकाम्या आहेत. भाडं द्यायचं, धंदा तुमचा तुम्ही करायचा."

घरी येऊन जगन्नाथने हे सांगितलं तेव्हा सुलभाने आधी साखळीवाल्यांना नकाराचा फोन करायला लावला, मग साखर हातावर ठेवली.

नव्या जागेत पॅटर्सनच्या भल्यामोठ्या पाटीखाली तळहाताएवढी पितळी पट्टी लागली: डॉक्टर जे. बिवलकर. सुलभा जवळ गेली, मागे आली, डोळे बारीक केले.

"अक्षरं फारच लहान आहेत हो."

"असू देत," जगन्नाथ म्हणाला. "ज्याला वाचता येणार नाही, त्याने आत यावं."