सोमवार धरायचा की सोडायचा

माझं काम सांगितलं की लोक म्हणतात, "हात्तिच्या, एवढंच?" शेतकऱ्यांच्या मोबाइलवर पीकसल्ल्याचे मेसेज जातात ना, ते आमच्या ऑफिसात इंग्रजीतून येतात आणि मी ते मराठीत करते. चार ओळींचा मजकूर. पण त्या चार ओळींवरून आमच्या सरांनी मला जितकं पिडलंय तितकं शाळेत कुणी पिडलं नसेल. सर शेतीतज्ज्ञ. त्यांनी होकार दिल्याशिवाय संभाजीनगरातून एकही मेसेज बाहेर पडत नाही.

त्या सोमवारी मेसेज आला तो भेंडीच्या अळीचा, फळ पोखरणाऱ्या. हेक्टरी एकशे सत्तर ग्रॅम औषध, पाचशे लिटर पाणी, फवारणी ते तोडणी पाच दिवसांचं अंतर. मी पाच मिनिटांत मराठी करून सरांपुढं ठेवलं.

"शेतकरी पाठीवर हेक्टर घेऊन फिरतो का?" सर म्हणाले. "पंप घेऊन फिरतो. पंधरा लिटरचा. त्याला सांगा किती टाकायचं."

हिशेब केला. पंपाला पाच ग्रॅम. मग मला वाटलं, शेतात ग्रॅम कोण मोजणार, म्हणून मी लिहिलं, एक चमचा. झालं! सर खुर्चीतून उठलेच. "कुणाच्या घरचा चमचा? तुमच्या की माझ्या? सपाट की शिगोशीग?" माझ्याही डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "मग शेतात सोनाराचा काटा नेऊ द्या." सर हसले नाहीत. म्हणाले, "दहा ग्रॅमची पुडी मिळते. ती पुरी एक लिटर पाण्यात विरघळवायची. त्यातलं अर्धा लिटर एका पंपात, अर्धा लिटर दुसऱ्या पंपात, आणि वर पंप भरेस्तोवर पाणी." काट्याची गरजच संपली. माणूस खडूस आहे, पण असं काही बोलून गेला की माझा राग कुठल्या कुठं जातो.

एकरी दोनशे लिटर पाणी, तेही लिहिलं. शेवटी एक ओळ, 'फवारणीनंतर ५ दिवस तोडणी करू नये.' तिच्यावर कुणी काही बोललं नाही. एवढी सोपी ओळ, तिच्यात काय बोलायचं?

मेसेज दुपारी गेला आणि लगेच वहिनीचा फोन आला. माझी ही भावजय फुलंब्रीजवळ राहते, शेती तीच बघते, भाऊ तिच्या हाताखाली. यंदा तिची अर्धा एकर भेंडी होती. "वन्सं, तुमचाच मेसेज ना ह्यो? बरं झालं बाई. कालच अळी दिसली. संध्याकाळी मारून घेते." आणि मग खरी बातमी. शहरातल्या मुलींच्या वसतिगृहाची मेस तिची भेंडी घ्यायला तयार झाली होती, कायमची, दिवसाआड. पहिला माल शनिवारी सकाळी. "लई दिवसांपासून मागं लागले व्हते त्यांच्या. शनिवार चुकला तर दुसरा धरतील, तसं बोललेच ते." तिच्या आवाजात इतका आनंद होता की मलाच भरून आलं. वर्षानुवर्षं बाजारात पहाटे चवाळं अंथरून बसलेली बाई ती.

सोमवारी संध्याकाळी भावानं तोंडाला रुमाल बांधून, हातमोजे घालून औषध मारलं. पुडी लिटरात, अर्धं-अर्धं, अगदी लिहिल्याबरहुकूम. अळी आटोक्यात आली.

शुक्रवारी ऑफिस सुटायच्या वेळेला वहिनीचा पुन्हा फोन.

"वन्सं, येक विचारू का? ते पाच दिवस सोमवार धरून का सोडून?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"सुतकाचे दिवस मोजताना पैला दिवस धरतो ना आपण. तसंच मी सोमवार धरला. सोम, मंगळ, बुध, बेस्तर, शुक्कर. झाले पाच. उद्या तोडायची. पन आता तोडायला बाया सांगितल्या आणि मनात आलं, औषधाला सुतकाचा हिशेब चालतो का?"

सोमवार धरला तर तिला शनिवार मिळत होता. सोडला तर रविवार, म्हणजे मेस गेली. खरं सांगते, 'धरा' म्हणायला जीभ वळवळली होती. कुणाला कळणार होतं? पण सर समोरच बॅग भरत होते. मी फोन तसाच धरून त्यांना विचारलं.

सरांनी बॅग खाली ठेवली. "सोमवारी संध्याकाळी फवारलं, शनिवारी सकाळी तोडणार. साडेचार दिवस झाले. साडेचारला पाच म्हणत नाहीत. सोमवार सोडायचा." मग कपाळाला हात लावला. "अहो, ग्रॅमचा एवढा कीस पाडला आणि दिवस मोकळे सोडले आपण."

वहिनीला सांगितलं. फोनवर मागून भावाचा आवाज ऐकू आला, "मिठाच्या पाण्यातून काढू, काय होतंय!" मग वहिनी एवढंच म्हणाली, "बरं. बायांना परवा बोलावते." रडली नाही, माझ्यावर चिडलीही नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्याच संध्याकाळी आम्ही सगळ्यांना दुसरा मेसेज पाठवला. 'फवारणीचा दिवस मोजू नये. सोमवारी फवारणी केल्यास रविवारी तोडणी.' सर प्रत्येक शब्द मोठ्यानं वाचत माझ्या खुर्चीमागं उभे होते. पण माझं लक्ष वहिनीकडंच लागलं होतं. तिनं न विचारता शनिवारी भेंडी तोडली असती, तर जगात कुणी तिच्याकडं बोट दाखवलं नसतं. उत्तर आपल्याच मुळावर येईल हे ओळखूनही तिनं विचारलं. मला नसतं जमलं.

शनिवारी मेसवाल्याला तिनं स्वतः फोन केला. तो उखडला, बाजारातून माल आणतो म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

रविवारी मी पहाटेच फुलंब्रीला गेले. निबर झालेल्या शेंगा तोडून तिनं बांधाकडेच्या खड्ड्यात टाकल्या, औषध थेट अंगावर पडलेल्या त्या, म्हणून जनावरांनाही घातल्या नाहीत. कवळ्या भेंडीचं कॅरेट भरलं आणि म्हणाली, "चला वन्सं, मेसला."

"अहो, त्यानं कुठं मागवलीय?"

"नाय मागवली. दाखवून तर येऊ."

मेसच्या मागच्या दाराशी तो माणूस कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "बाई, मी काल माल घेतला. आता काय करू ह्याचं?"

वहिनी शांतपणे म्हणाली, "कालची ती कधी फवारलेली व्हती, दादा?"

आतून मुलींच्या ताटल्यांचा आवाज येत होता. त्यानं एकदा आत पाहिलं, एकदा कॅरेटकडं. "हे आजवर कुणी सांगितलं नाय, अन् मी बी विचारलं नाय," तो म्हणाला आणि कॅरेट स्वतः उचलून आत नेलं. बाहेर येऊन हात पुसत विचारलं, "पुढची कधी?"

"दिवसाआड. पन फवारलं की फोन करीन, मग तेवढे दिवस नाय मिळायची."

"म्हणजे समजा, येत्या गुरवारी मारलं तर?"

वहिनीनं बोटं पुढं केली. सवयीनं गुरुवारचं पहिलं बोट मिटलं. मग माझ्याकडं बघून हसली, ते बोट पुन्हा उघडलं आणि शुक्रवारपासून मोजायला लागली.