ओठ न पाहता

दैवशाला आश्रुबा गडदे हिचं बालपण सेलूजवळच्या एका जिनिंगमध्ये गेलं. तिची आई भिवराबाई तिथं कापूस निवडायची. यंत्रांच्या आवाजात माणसाचा आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं. म्हणून तिथल्या बायका ओठ हलवून बोलत आणि ओठ बघून समजून घेत. पाणी आणायला सांगणं, मुकादमाची नक्कल, सासूची चहाडी, सगळं असंच चाले. दैवशाला हे कधी शिकली, हे तिला सांगता आलं नसतं, कारण ते आपण शिकलो आहोत हेच तिला ठाऊक नव्हतं.

पुढं ती नर्स झाली. पालम तालुक्यातल्या एका मेंढपाळ घरातल्या बालाजीशी तिचं लग्न झालं. परभणीच्या एका खासगी दवाखान्यात ती काम करत होती. जर्मनीत नर्सेस हव्या आहेत असं कळल्यावर तिनं नोकरी सोडून वसमत रस्त्यावरच्या एका जर्मन भाषेच्या वर्गात नाव घातलं. वर्ग दिवसभराचा, त्यामुळे दोन्ही जमणं अशक्य होतं. दवाखान्यात तिच्या जागी लगेच दुसरी मुलगी आली. सासरे धोंडीबा यांनी परवानगी देताना एकच वाक्य उच्चारलं होतं, "एकदा जाऊन बघ. न्हाई जमलं तर मेंढरामागं चल." ते रागावून बोलले नव्हते, म्हणूनच त्या वाक्याला फट नव्हती.

वर्ग घेणाऱ्या नीलमबाई जर्मनीत काही वर्षं राहून आल्या होत्या. मराठीत नसलेले स्वर त्या शब्दांच्या जोड्यांनी शिकवत. जोडीतले दोन्ही शब्द सारखे, फरक फक्त एका ध्वनीचा. 'चार' या अर्थाचा एक शब्द आणि 'साठी' या अर्थाचा दुसरा: पहिल्यात आपली ई, दुसऱ्यात तीच ई, पण ओठांचा चंबू करून म्हटलेली. बाई एक शब्द उच्चारत. मुलींनी बोट वर करून पहिला की दुसरा ते सांगायचं. आधी कान, मग तोंड, हा त्यांचा क्रम होता. पहिल्याच दिवशी त्यांनी हे स्वर देवनागरीत लिहून घ्यायला मनाई केली होती. कुणी त्या जागी 'यू' लिहिलं की डोळा कानाला 'य' ऐकवतो, आणि मग तो 'य' जिभेवरून जाता जात नाही.

'चार' आणि 'साठी' या जोडीत दैवशाला कधीच चुकली नाही.

"हिच्या कानाला काय लावलंय गं?" शेजारी बसणारी राजेश्री म्हणायची. "आमी मरायलोत इथं, अन् ही बोट वर करून मोकळी."

वर्गाचे मालक योगीराज सरांनी या यशावर विसंबून परीक्षेच्या पहिल्या तुकडीत तिचं नाव घातलं.

संशय आला तो नीलमबाईंना, आणि तो तिच्या चुकांवरून. 'आई' आणि अनेकवचनी 'आया' या अर्थांचे दोन शब्द त्या भाषेत असेच एका स्वरानं वेगळे होतात: एकात आपला उ, दुसऱ्यात तो चंबूतला नवा स्वर. इथं दैवशालाचं उत्तर नाणं फेकल्यासारखं येत होतं. जिला एक जोडी पूर्ण कळते तिला दुसरी अजिबात कळू नये, याचं कारण कानात सापडत नव्हतं. बाईंना ते स्वतःच्या चेहऱ्यावर सापडलं. पहिल्या जोडीत ओठ एकदा पसरतात, एकदा गोल होतात. दुसऱ्या जोडीत दोन्ही वेळा गोलच; फरक आत असतो, जिभेच्या पुढंमागं होण्यात, आणि जीभ दिसत नाही.

त्या फळ्याकडं वळल्या आणि पाठमोऱ्या राहून 'चार'-'साठी' उलटसुलट म्हणू लागल्या. दैवशालाचं बोट अर्ध्यावर थांबलं. मग ते वर गेलं आणि चुकलं, पुन्हा चुकलं.

वर्ग सुटल्यावर बाईंनी तिला थांबवलं. "तू ऐकत नाहीस. बघतेस."

"मग काय झालं बाई? उत्तर तर बरोबर येतंय."

"परीक्षेत आवाज स्पीकरमधून येईल. तिथल्या वॉर्डात तोंडावर मास्क असेल."

"मास्क तर इथल्या दवाखान्यात पण असायचा."

"इथं मराठी होती. निम्मा शब्द ऐकलास तरी उरलेला तुला ठाऊक होता."

दैवशाला योगीराज सरांकडं गेली. ते म्हणाले, "ताई, तुम्ही आमच्या पहिल्या नंबरच्या. असं घाबरून कसं चालेल? नाव काढायचं तर काढतो, पण पुढच्या तुकडीची तारीख मला विचारू नका. ती माझ्याही हातात नाही."

परीक्षेला बसावं तर ऐकण्याचा भाग जाणार; थांबावं तर घरचा शब्द संपणार. जे कौशल्य आईच्या कष्टात तिच्या पदरात पडलं होतं, त्यानंच तिला इथवर आणलं आणि इथंच कोंडलं.

ती भिंतीकडं तोंड करून बसू लागली. बाई मागून आधी फक्त 'सारखे की वेगळे' एवढंच विचारत. बऱ्याच दिवसांनी तिला त्या नव्या स्वरात 'उ'पेक्षा काहीतरी उजळ, बारीक ऐकू येऊ लागलं. मग बाईंनी एका पुरुषाचा ध्वनिमुद्रित आवाज लावला, आणि ते उजळपण नाहीसं झालं. तिनं स्वर ओळखला नव्हता, नीलमबाईंना ओळखलं होतं. पुन्हा वेगवेगळे आवाज, पुन्हा पहिल्यापासून.

तोंडाचंही तेच. आरशात तिचे ओठ निर्दोष गोल दिसत, आणि ऐकू येई तो आपला उ. मराठीत ओठ गोल झाले की जीभ आपोआप मागं जाते. त्या दोघांची सोबत जन्माची. बाईंनी आरसा काढून घेतला. "ई म्हण. जिभेचं टोक खालच्या दातांना टेकलेलं राहू दे. आता फक्त ओठ गोल कर. जीभ हलली तर थांब." जीभ दर वेळी हले.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिनं स्वतः आपलं नाव काढायला सांगितलं. नापास होण्याची भीती हे कारण होतंच; पण न ऐकता बोट वर करणारी नर्स कुणाच्या उशाशी उभी राहणार आहे, हा प्रश्नही तिला सोडत नव्हता. पहिल्या तुकडीत राजेश्री गेली.

बालाजी एसटीनं न्यायला आला. पालमला उतरताना म्हणाला, "आप्पाला मी सांगून बघितलं." पुढचं सांगायची गरज नव्हती; धोंडीबांचा शब्द ठरलेला होता.

आता ती मेंढरांमागं असते. मुक्कामाला पाल पडलं की मोबाइलवर ध्वनिमुद्रित आवाज लावून कनातीकडं तोंड करून बसते. पुढच्या तुकडीची तारीख लागलेली नाही. लागली तरी धोंडीबा काय म्हणतील ते तिनं विचारलेलं नाही. आठवड्यातून एकदा नीलमबाईंना फोन करते, व्हिडिओशिवाय. ती जोडीतला एक शब्द उच्चारते आणि कोणता ते सांगत नाही. बाईंनी तो नुसत्या कानानं ओळखायचा.

परवा तिनं ओठ गोल केले. जीभ दातांशीच राहिली. तसाच तिनं शब्द उच्चारला.

"आया," पलीकडून बाई म्हणाल्या.

मग ती दुसरा शब्द बोलली.

"आई."

चूल पेटवत असलेल्या सासूबाई धुरपताबाईंनी मान वर केली. "काय म्हणायल्यात बाई?"

"आया म्हणल्या, आत्याबाई."

"कुणाच्या?"

"कुणाच्याच न्हाई. मी तसं म्हणलं, अन् त्यांना तसंच ऐकू आलं."

"एवढ्यासाठी फोन?" धुरपताबाई म्हणाल्या. "ठिव तो. कोकरं सोडायची हायेत."

दैवशालानं फोन ठेवला. कोकरं सोडताना जिभेचं टोक तिनं खालच्या दातांना टेकवूनच ठेवलं होतं.